अॅकॉन्ड्रोप्लेजियावरचं व्होसोरिटाइड: इंजेक्शन घरी कसं द्यायचं आणि वाढ कशी मोजायची

अॅकॉन्ड्रोप्लेजिया म्हणजे हाडं पुरेशी लांब न होता हातपाय आखूड आणि उंची कमी राहण्याचा जन्मजात आजार. तो असलेल्या मुलांसाठी व्होसोरिटाइड हे औषध २०२१ मध्ये मंजूर झालं, आधी युरोपात आणि मग अमेरिकेत. बाजारात ते व्हॉक्सझोगो या नावाने मिळतं. हाडांची वाढ जिथे अडते तिथेच काम करणारं या आजारावरचं हे पहिलं औषध. मी मेलबर्नमध्ये मुलांच्या हार्मोन विभागात नर्स आहे आणि हे इंजेक्शन घरी कसं द्यायचं ते आईवडिलांना शिकवणं हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. आपले मराठी पालक, इथले आणि भारतातून फोन करणारेही, जे प्रश्न विचारतात त्यांची उत्तरं इथे सलग मांडते आहे. डोसाचे आकडे औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकातले आहेत. तुमच्या मुलाचा डोस मात्र तुमचे डॉक्टरच ठरवतील.

आधी अडचण कुठे आहे ते समजून घ्या

लहान मुलाच्या लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा एक पातळ थर असतो. त्याला ग्रोथ प्लेट म्हणतात. नाकाच्या शेंड्याला हाताला लागते तीच ही कूर्चा, मऊ पण चिवट. या थरातल्या पेशी वाढतात, फुगतात, मग त्यांच्या जागी हाड तयार होतं आणि हाड लांब होतं. या पेशींवर एफजीएफआर-३ नावाचा एक ग्राहक, म्हणजे बाहेरून आलेला संदेश पकडणारं प्रथिन, असतो. वाढ हवी तेवढीच व्हावी म्हणून तो ब्रेकसारखा काम करतो. अॅकॉन्ड्रोप्लेजियात या ग्राहकाच्या जनुकात एका अक्षराचा बदल होतो, आणि त्यामुळे हा ब्रेक कायम दाबलेलाच राहतो. बहुतेक सगळ्या रुग्णांमध्ये बदल अगदी त्याच एका जागी सापडतो. १९९४ मध्ये तो शोधला गेला.

साधारण पंचवीस हजार जन्मांमागे एका बाळाला हा आजार असतो, आणि अशा दर पाचपैकी चार बाळांचे आईवडील सर्वसाधारण उंचीचे असतात. म्हणजे बदल त्या बाळातच नव्याने झालेला असतो, आणि तो जवळजवळ नेहमी वडिलांच्या शुक्रपेशीत, आपोआप झालेला असतो. हे मी पहिल्याच भेटीत सांगते, कारण कुणीतरी मोठं माणूस त्या आईला आधीच विचारून गेलेलं असतं, ‘ग्रहण पाळलं नव्हतंस का?’ ग्रहणाचा, गरोदरपणातल्या खाण्याचा किंवा जिना चढण्याचा याच्याशी काहीही संबंध नाही. घरात हे एकदा स्पष्ट बोलून घ्या.

आता औषध. आपल्या शरीरात सीएनपी नावाचं एक छोटं प्रथिन असतं. कूर्चेच्या पेशीवर त्याचा वेगळा ग्राहक असतो. सीएनपी तिथे बसलं की पेशीच्या आत एक संदेश निघतो आणि एफजीएफआर-३ कडून येणारी ‘थांबा’ची साखळी मधेच तोडतो. जपानमधल्या क्योतोच्या संशोधकांनी २००४ मध्ये अॅकॉन्ड्रोप्लेजिया असलेल्या उंदरांच्या कूर्चेत सीएनपी वाढवून दाखवलं, तेव्हा त्यांची खुंटलेली हाडं लांब झाली. अडचण एकच होती. नैसर्गिक सीएनपी रक्तात दोनतीन मिनिटांतच एका एन्झाइमकडून तोडलं जातं. त्या एन्झाइमला सहज तोडता येणार नाही अशा बेताने सीएनपीची रचना थोडी बदलली, आणि व्होसोरिटाइड तयार झालं. तेही फार वेळ टिकत नाही. इंजेक्शननंतर पंधरा मिनिटांत रक्तातलं प्रमाण सर्वांत जास्त असतं आणि मग दर अर्ध्या तासाला साधारण निम्मं होत जातं. कूर्चेला रोज एवढा छोटा संदेशही पुरतो. पण त्यामुळेच हे इंजेक्शन रोज द्यावं लागतं, आणि त्याने रक्तदाब कमी झालाच तर तो बहुतेक पहिल्या तासातच होतो. ही एक गोष्ट लक्षात राहिली की पुढची सगळी पथ्यं आपोआप समजतात.

ग्रोथ हार्मोन का नाही, असं बरेच जण विचारतात. या मुलांमध्ये ग्रोथ हार्मोन कमी नसतं. ते वाढवलं तरी दाबलेला ब्रेक सुटत नाही, म्हणून त्याचा फायदा थोडा आणि अल्पकाळच दिसतो.

सुरू करण्यापूर्वी

पहिली अट निदानाची खात्री. क्ष-किरण पाहून अनुभवी डॉक्टरला बहुतेक वेळा ओळख पटते, पण जनुकीय चाचणी करूनच घ्यावी. आखूड हातपायांचे हाडांचे आजार अनेक आहेत आणि हे औषध त्या सगळ्यांसाठी नाही.

दुसरी अट म्हणजे ग्रोथ प्लेट उघडी असणं. ती बंद झाली की औषधाला काम करायला जागाच उरत नाही. किशोरवयीन मुलांमध्ये त्यासाठी गुडघ्याचा किंवा हाताचा क्ष-किरण काढतात. सहा वर्षांच्या मुलात हा प्रश्न नसतो. वयाची मर्यादा देशागणिक वेगळी आहे. अमेरिकेत सुरुवातीला पाच वर्षांपुढच्यांनाच परवानगी होती, २०२३ पासून सगळ्या वयांना आहे. युरोपात आता चार महिन्यांपासून देता येतं.

तिसरी गोष्ट रक्तदाब, हृदय आणि मूत्रपिंडाची. औषध रक्तवाहिन्या थोड्या सैल करतं. म्हणून हृदयाचा मोठा आजार असलेल्या किंवा रक्तदाब कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या मुलांना पहिल्या चाचण्यांत घेतलंच नव्हतं. मूत्रपिंडाचं काम बरंच कमी असेल तर ते देत नाहीत. हे सगळं डॉक्टरांना आपणहून सांगा.

आणि चौथी गोष्ट, जिच्यासाठी मी पालकांना हात जोडून सांगते. मान आणि श्वास. कवटीचा तळ कूर्चेतूनच हाड बनतो, त्यामुळे या मुलांमध्ये मेंदूतून मज्जारज्जू जिथून पाठीच्या कण्यात खाली उतरतो ते भोक अरुंद असतं. बाळपणी तिथे दाब आला तर झोपेत श्वास थांबू शकतो, क्वचित जीवही जातो. त्यासाठी लहान वयात झोपेची तपासणी करतात, मानेची नीट तपासणी करतात आणि गरजेप्रमाणे एमआरआय. व्होसोरिटाइड सुरू केलं म्हणून यातलं काहीही टाळायचं नाही. औषधाची परवानगी उंची वाढण्याच्या वेगावर मिळालेली आहे. ते या दाबापासून वाचवतं असं सिद्ध झालेलं नाही. बाळ झोपेत श्वास घेताना अडखळत असेल, घोरत असेल, मान फार मागे टाकून झोपत असेल, हातापायांत जोर कमी वाटत असेल, तर आधी तिकडे धावा. इंजेक्शन आठवडाभर उशिरा सुरू झालं तरी चालेल.

डोस: वजनाच्या पट्ट्या आणि एक धोक्याचं वळण

डोस वयावर नाही, वजनावर ठरतो. औषध छोट्या कुपीत कोरड्या पावडरीच्या रूपात येतं. सोबत पाणी भरलेली सिरिंज असते. ते सगळं पाणी कुपीत घालायचं आणि तयार औषधातून आपल्या मुलापुरतं काढायचं.

एक नमुना घेऊ. सहा वर्षांची मुलगी, वजन १९ किलो, उंची ९० सेंटिमीटर. तिचं वजन १७ ते २१ किलोच्या पट्टीत येतं. तिला ०.५६ मिलिग्रॅमची कुपी लागते. सिरिंजमधलं ०.७ मिली पाणी त्यात घातलं की दर मिलीत ०.८ मिलिग्रॅम औषध होतं. तिचा रोजचा डोस ०.३२ मिलिग्रॅम, म्हणजे ०.४ मिली. उरलेलं टाकून द्यायचं. जीव तुटतो ते टाकताना, कारण औषध अतिशय महाग आहे, पण उद्यासाठी ठेवलेल्या उरलेल्या औषधाचा काहीच भरवसा नसतो. दीड वर्षाने तिचं वजन २२ किलो झालं की कुपी तीच राहते, फक्त डोस ०.५ मिली होतो. ही पट्टी ३२ किलोपर्यंत चालते.

वळण पुढे आहे. वजन ३३ किलोवर गेलं की कुपी बदलते. आता १.२ मिलिग्रॅमची कुपी येते, तिच्यात ०.६ मिली पाणी जातं, आणि औषध दर मिलीत २ मिलिग्रॅम एवढं दाट होतं. डोस ०.५ मिलिग्रॅम, म्हणजे फक्त ०.२५ मिली. ज्या आईचा हात काही वर्षं ०.५ मिलीच्या रेषेवर बसला आहे तिने सवयीने नव्या कुपीतून ०.५ मिली काढलं तर मुलाला १ मिलिग्रॅम जाईल, बरोबर दुप्पट. म्हणून कुपी बदलली त्या दिवशी जुन्या कुप्या घरातून काढून टाका, फ्रिजच्या दारावर नवा आकडा मिलीत मोठ्या अक्षरात लिहून लावा आणि पहिले दोनतीन दिवस दोघांनी मिळून रेष तपासा. शक्यतो नर्ससमोर एकदा भरून दाखवा.

वजन आणि उंची दर तीन ते सहा महिन्यांनी पाहून डोस बदलतात. घरच्या काट्यावर एक किलो जास्त दिसलं म्हणून स्वतःहून पुढच्या पट्टीत जाऊ नका.

संध्याकाळचा एक तास

इंजेक्शन रोज साधारण एकाच वेळी द्यायचं. सकाळ चालते, संध्याकाळही चालते. मी बहुतेकांना संध्याकाळ सुचवते, कारण शाळेच्या गडबडीत पाणी पिणं राहून जातं. आणि सगळा खेळ पाण्याचाच आहे.

इंजेक्शनच्या आधीच्या तासाभरात मुलाने २४० ते ३०० मिली द्रव प्यायला हवा. पाणी, दूध, ताक, सरबत, काहीही चालेल. घरातला एक पेला मापून ठेवा आणि किती भरल्यावर २५० मिली होतं तिथे खूण करा. ‘प्यायला थोडंसं’ हे माप नाही. साधारण अर्धा तास आधी काहीतरी हलकं खायला द्या: पोळीचा रोल, केळं, उपमा. दिवसभरातलं जेवणही नेहमीसारखं झालेलं असावं. अंगावर पिणाऱ्या बाळाला आधी पाजून घ्यायचं.

मग तयारी. कुपी आणि पाण्याची सिरिंज फ्रिजमधून काढली असेल तर बाहेर ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. थंडगार औषध टोचलं की जास्त झोंबतं. हात धुवा. कुपीचं झाकण काढून रबर स्पिरिटच्या कापसाने पुसा आणि वाळू द्या. पाणी हळूच सोडा. आता कुपी हलवायची नाही, फक्त हातात धरून गोल फिरवायची, पावडर पूर्ण विरघळेपर्यंत. जोरात हलवलं की फेस होतो, आणि फेसातून ०.४ मिली मोजताना हवाच सिरिंजमध्ये येते. द्रव स्वच्छ, रंगहीन ते फिकट पिवळसर दिसायला हवा. गढूळ असेल किंवा कण तरंगत असतील तर ती कुपी वापरू नका. तयार झालेलं औषध तीन तासांत द्यायचं. त्यानंतर टाकून द्यायचं.

दुसऱ्या, डोसाच्या सिरिंजने औषध ओढा. बुडबुडे असतील तर सिरिंज सुई वर करून धरा, बोटाने टिचकी मारा, हवा कुपीत परत ढकला आणि पुन्हा रेषेपर्यंत भरा. दट्ट्याची टोकाकडची कड रेषेला टेकली पाहिजे. डोळा सिरिंजच्या पातळीत आणून बघा. वरून वाकून पाहिलं तर रेष चुकते, आणि एवढ्याशा मापात एका रेषेचा फरकही मोठा असतो.

जागा चार: मांडीचा पुढचा मधला भाग, बेंबीपासून किमान पाच सेंटिमीटर दूर पोट, कुल्ल्याचा वरचा भाग, दंडाची मागची बाजू. त्वचेची चिमूट धरून, शिकवलेल्या कोनात, त्वचेखाली. कपड्यावरून नाही. लागोपाठ दोन दिवस एकच जागा नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ‘डा मां’, ‘उ मां’, ‘पोट’ असं लिहिलेलं मी अनेक घरांत पाहिलं आहे, आणि ते कुठल्याही ॲपपेक्षा चांगलं चालतं. लाल झालेल्या, सुजलेल्या, व्रण असलेल्या किंवा तिळाच्या जागी टोचू नका. वापरलेल्या सुया जाड, न फुटणाऱ्या डब्यात टाका. तो डबा भरला की दवाखान्यात परत द्या.

इंजेक्शन झाल्यावर साधारण तासभर शांत बसायचं काम ठेवा. गोष्ट, चित्रकला, गृहपाठ. लगेच उड्या मारणं, सायकल आणि गरम पाण्याची आंघोळ मी या तासात नको म्हणते. चाचणीत ज्या मुलांचा रक्तदाब कमी झाला त्यांच्यात तो बहुतेक वेळा इंजेक्शननंतर अर्ध्या तासाच्या आसपास झाला आणि पुढच्या अर्ध्या तासात आपोआप पूर्ववतही झाला. बहुतेकांना काही जाणवलंही नाही. जाणवलं तर चक्कर, मळमळ, उलटी, एकदम थकवा, चेहरा पांढरा पडणं. अशा वेळी मुलाला आडवं झोपवा, पाय उशीवर उंच करा, शुद्धीवर असेल तर पाणी पाजा आणि त्याच दिवशी आपल्या टीमला कळवा. शुद्ध हरपली तर फोनवर बोलत बसू नका, तातडीची मदत बोलवा.

एक दिवस एका बाबांनी मला फोन केला. आवाजात भीती होती.

‘ताई, तिला दोन दिवसांपासून जुलाब होताहेत. पाणी पोटात ठरत नाही. इंजेक्शनची वेळ झाली आहे. काय करू?’

‘आज देऊ नका,’ मी म्हटलं. ‘आधी ओआरएस. जुलाब थांबून ती नीट प्यायला लागली की पुन्हा सुरू करू.’

‘एक डोस चुकला तर वाढ थांबेल का हो?’

‘नाही दादा. एका दिवसाने उंची अडत नाही. पण कोरड्या पडलेल्या शरीरात हे औषध दिलं तर ती कोसळू शकते.’

एमआरआय किंवा शस्त्रक्रियेसाठी उपाशी ठेवलेल्या दिवशीही हाच विचार लागू होतो. त्या दिवसाबद्दल आधीच विचारून ठेवा. नुसता विसर पडला असेल तर ठरलेल्या वेळेपासून बारा तासांच्या आत द्यायला हरकत नाही. त्यापेक्षा उशीर झाला तर तो डोस सोडून द्या. दुसऱ्या दिवशी दोन डोस कधीच नाहीत.

पहिला डोस आम्ही क्लिनिकमध्येच देतो, आधी आणि नंतर काही वेळा रक्तदाब मोजून. इथे एक बारीक गोष्ट. या मुलांचा दंड आखूड असतो आणि नेहमीचा लहान मुलांचा पट्टा त्याला रुंद पडतो. रुंद पट्ट्याने रक्तदाब खोटाच कमी दिसतो. म्हणून मापाचा पट्टा मागा. तो नसेल तर मनगटाच्या वरच्या भागावर मोजतात, पण मग दर वेळी त्याच जागी.

टोचलेली जागा लाल होणं, सुजणं, खाजणं हे अगदी नेहमीचं आहे आणि सहसा त्याच दिवशी ओसरतं. दर वेळी गांधी उठत असतील, टोचल्याच्या जागेपलीकडे पसरत असतील किंवा ओठ सुजले तर पुढचा डोस देण्यापूर्वी बोला. रक्ताच्या अहवालात अल्कलाइन फॉस्फेटेज नावाचं एन्झाइम वाढलेलं दिसू शकतं. हाड जोमाने बनत असताना ते वाढतं. त्यावरून लगेच यकृत बिघडलं असा अर्थ काढू नका, डॉक्टरांना दाखवा.

वाढ मोजणं: इथेच सर्वांत जास्त घरं निराश होतात

मंजुरी ज्या चाचणीवर मिळाली ती २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. पाच ते अठरा वर्षांच्या १२१ मुलांना वर्षभर व्होसोरिटाइड किंवा औषध नसलेलं इंजेक्शन दिलं. औषधाच्या गटातल्या मुलांची वाढ वर्षाला सरासरी १.५७ सेंटिमीटरने जास्त झाली. या मुलांची वाढ एरवी वर्षाला चार सेंटिमीटरच्या आसपास असते. म्हणजे चारावरून साडेपाचापर्यंत. पुढच्या वर्षांतही वाढलेला वेग टिकून राहिलेला दिसला. त्याआधी डोस ठरवण्याच्या चाचणीत दर किलोला १५ मायक्रोग्रॅमवरून दुप्पट, म्हणजे ३० मायक्रोग्रॅमपर्यंत वाढवून पाहिलं होतं, पण त्याने वाढ आणखी झाली नाही. त्यामुळे ‘थोडं जास्त दिलं तर?’ या प्रश्नाला उत्तर मिळालेलं आहे: फायदा नाही.

आता दीड सेंटिमीटर म्हणजे नेमकं किती, हे आपल्या सहा वर्षांच्या मुलीवरून पाहू. आदल्या वर्षी ती ८६ वरून ९० सेंटिमीटरवर गेली, वेग वर्षाला ४. औषध सुरू झालं. तीन महिन्यांनी मोजलं तर ९१.० भरली. तीन महिन्यांत १ सेंटिमीटर म्हणजे वर्षाला पुन्हा ४ च. घरात शांतता पसरली. ‘एवढं रोज टोचून काहीच नाही?’ सहा महिन्यांनी ती ९३.० भरली. सहा महिन्यांत ३ म्हणजे वर्षाला ६. आता आनंदीआनंद. बारा महिन्यांनी ९५.५. वर्षाचा वेग ५.५.

खरं काय झालं? तीन महिन्यांत औषधाने मिळणारा जास्तीचा वाटा सुमारे ४ मिलिमीटरचा. उंची मोजण्यातली चूकच तेवढी असते, कधी जास्त. या मुलांची कंबर पुढे वळलेली असते, खुबे थोडे वाकलेले असतात, मूल थकलं की अजून वाकतं. सकाळी आणि संध्याकाळी मोजलेल्या उंचीतही फरक पडतो. म्हणून तीन महिन्यांचा आकडा चारने गुणून निष्कर्ष काढू नका. तो आकडा वजन, डोस आणि त्रास यांची चौकशी करण्यापुरता ठेवा. फायद्याचा निकाल सहा महिन्यांनी पहिल्यांदा आणि बारा महिन्यांनी नीट लावा.

मोजताना शक्यतो उंची मोजण्याचं तेच उपकरण, म्हणजे स्टॅडिओमीटर, तीच वेळ, तोच माणूस. अनवाणी, केस सोडून, टाचा, कुल्ले आणि पाठ भिंतीला. तीनदा मोजून सरासरी घ्या. नंतर बसलेली उंचीही मोजा. पूर्ण उंचीतून ती वजा केली की पायांची वाढ वेगळी कळते, आणि आखूडपणा हातापायांत जास्त असल्यामुळे पालकांना खरी उत्सुकता तिथेच असते. दाराच्या चौकटीवर पेन्सिलने खुणा करायच्या तर मुलाच्या आनंदासाठी जरूर करा, निर्णयासाठी नको. तक्ताही अॅकॉन्ड्रोप्लेजियाच्या मुलांसाठीच बनवलेला वापरा. शाळेतल्या सर्वसाधारण तक्त्यावर हे मूल कायम सगळ्यांत खालच्या रेषेखाली दिसेल आणि काहीच बोध होणार नाही.

वर्षभराने वेग अजिबात वाढलेला नसेल तर क्रमाने शोधा. किती डोस चुकले हे कॅलेंडरवर मोजा. वजन वाढून पट्टी बदलली का ते पाहा. कुपीत सगळं पाणी जातं का, सिरिंजमध्ये हवा राहते का, सुई काढताना औषध बाहेर ओघळतं का, हे नर्ससमोर प्रत्यक्ष करून दाखवा. औषध उन्हात किंवा फ्रीझरमध्ये गेलं होतं का ते आठवा. हे सगळं ठीक असेल तर डॉक्टर पुढचं बघतील. सरासरी १.५७ म्हणजे काहींना तीन आणि काहींना जवळजवळ शून्य, हेही खरं आहे.

आणि दीड सेंटिमीटरला उरलेल्या वर्षांनी गुणून मोठेपणीची उंची काढू नका. उपचार न घेतलेल्या प्रौढ पुरुषांची सरासरी उंची १३१ सेंटिमीटरच्या आसपास आणि स्त्रियांची १२४ च्या आसपास असते. अगदी लहानपणी सुरू केलेली मुलं मोठी होतील तेव्हाच शेवटचा हिशेब हातात येईल. हा हिशेब पुढे ठेवून काही कुटुंबं इंजेक्शन नको असं ठरवतात. माझ्या मते तो निर्णयही तितकाच विचारपूर्वक असू शकतो, आणि मुलाला कळायला लागलं की त्याचं मतही त्यात हवं. वॉशबेसिनचा नळ, शाळेतलं बाक, शौचालयाची उंची हे औषध घेतलं तरी बदलून घ्यावंच लागतं.

साठवण, प्रवास आणि पैसे

कुप्या फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायच्या, मूळ खोक्यात, उजेडापासून दूर. गोठवायच्या नाहीत. बाहेर ३० अंशांच्या आत ९० दिवस चालतात, पण एकदा बाहेर काढलेली कुपी परत फ्रिजमध्ये ठेवायची नाही. खोक्यावर बाहेर काढल्याची तारीख लिहा. मे महिन्यात सुट्टीला नागपूर किंवा अकोल्याला जाणाऱ्यांनी हे ३० अंश विसरू नयेत, तिथे दुपारी खोलीतही ते सहज ओलांडले जातात. थंड पिशवीतून न्या, पण कुपी बर्फाच्या पाकिटाला थेट चिकटू देऊ नका, मधे टॉवेल ठेवा. विमानात सामान खाली सोडू नका, हातातल्या पिशवीत ठेवा, आणि डॉक्टरांचं पत्र सोबत ठेवा.

ऑस्ट्रेलियात २०२३ पासून हे औषध सरकारी अनुदानाच्या यादीत आहे, त्यामुळे पात्र मुलांच्या घरांना ते परवडतं. अमेरिकेत वर्षाची छापील किंमत सुमारे तीन लाख डॉलर आहे आणि सगळी भिस्त विम्यावर असते. भारतात, देशात नोंदणी नसलेलं औषध स्वतःच्या उपचारासाठी परदेशातून आणायचं तर डॉक्टरांच्या चिठ्ठीसह नमुना १२-अ भरून औषध नियंत्रकांकडे अर्ज करावा लागतो आणि १२-ब हा परवाना मिळतो. अर्जासोबतच विमानतळापासून घरापर्यंत शीतसाखळी कोण सांभाळणार हे लेखी ठरवून घ्या. आणि पहिला डोस देण्यापूर्वी एका वर्षाच्या पुरवठ्याची खात्री करा. दोन महिने देऊन चार महिने बंद, असं केलं तर मुलाला टोचण्याचा त्रास होतो आणि मोजण्यासारखं हाती काही लागत नाही.

कधी थांबवायचं

औषध ग्रोथ प्लेट उघडी असेपर्यंतच. वयात येताना वाढ मंदावते. वर्षाचा वेग १.५ सेंटिमीटरच्या खाली गेला की क्ष-किरण काढून ग्रोथ प्लेट पाहतात, आणि ती बंद दिसली की इंजेक्शन बंद. हळूहळू कमी करत न्यायची गरज नसते. शेवटच्या भेटीत मी पालकांकडून तीन गोष्टी घेऊन फाइलमध्ये लावते: थांबवल्याची तारीख, त्या दिवशीची उभी आणि बसलेली उंची, आणि शेवटचा क्ष-किरण. पुढे कंबरेतून पायात जाणारी कळ, पायांत मुंग्या किंवा चालताना थांबावं लागणं सुरू झालं तर अरुंद मणक्याची तपासणी लागते, आणि तेव्हा नवीन डॉक्टरला हीच फाइल आधी हवी असते.